ऑनलाइन तिकिटावर कन्व्हिनियन्स फी का लावतात? त्यातले पेमेंट गेटवेला किती जातात?

गेटवेला फार थोडे जातात. आमच्या हौशी नाट्यसंस्थेचा हिशेब मी सहा वर्षं लिहिला आणि याच मुद्द्यावर खजिनदारकाकांशी माझं कडाक्याचं भांडण झालं, म्हणून ठामपणे सांगतो.

प्रयोगाच्या दिवशी एक गृहस्थ बुकिंगच्या खिडकीपाशी आले. ३०० रुपयांची चार तिकिटं त्यांनी ऑनलाइन काढली होती आणि कापले गेले १३१८. "वरचे ११८ कसले?" काका लगेच म्हणाले, "ते बँक घेते, आमच्या हातात नाही." गृहस्थ गप्प बसले, पण मला राहवेना. त्यांच्या पावतीवरून मी रात्री हिशेब मांडला.

फी तिकिटामागे २५, म्हणजे १००, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. (नाटकाच्या ५०० पर्यंतच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे, फीला नाही.) पैसे क्रेडिट कार्डाने भरलेले. गेटवेचा दर २ टक्के धरला तर १३१८ वर साधारण २६ रुपये. त्यातलाही मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेचा, थोडा व्हिसा-मास्टरकार्डसारख्या नेटवर्कचा, आणि गेटवेकडे राहतात थोडेसे. सरकारचे १८ वेगळे. उरलेले ७४ तिकीट विकणाऱ्या कंपनीकडे. तेच यूपीआयने भरले असते तर? जानेवारी २०२० पासून यूपीआयवर एमडीआर, म्हणजे पेमेंटसाठी विक्रेत्याकडून कापलं जाणारं कमिशन, शून्य आहे, तरी तिकीट कंपनीच्या आमच्या प्लॅनवर फी २५च होती.

खूण सोपी आहे. गेटवे एका व्यवहारावर टक्केवारीने घेतो. चार तिकिटांचं पेमेंट एकदाच झालं, फी मात्र चारदा लागली. म्हणजे ती बँकेची वसुली नव्हे, विकणाऱ्याची कमाई आहे. तिकिटाचे ३०० नाटकवाल्यांचे, त्यातून मिळणारं कमिशन पुरत नाही, म्हणून वरून प्रेक्षकाकडून घेतात. आयआरसीटीसीवर निदान एसीच्या तिकिटाला ३० ऐवजी यूपीआयने २० पडतात, आणि तेही प्रवासी कितीही असोत, एका तिकिटाला एकदाच.

बेकायदा मात्र काही नाही. सिनेमागृहांना ही फी घ्यायला बंदी करणारे राज्य सरकारचे २०१३ आणि २०१४ चे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये रद्द केले. आणि ७४ रुपये सगळा नफाही नसतो. सर्व्हर, मेसेज, तक्रारी ऐकणारी माणसं यांचा खर्च असतो, काही ठिकाणी थिएटरलाही वाटा जातो. प्रयोग रद्द झाला तर गेटवे आपलं कमिशन सहसा परत देत नाही, तो भुर्दंडही कंपनीवर. यूपीआयला क्रेडिट कार्ड जोडलेलं असेल तर शून्याचं गणितही बदलतं.

पण नाट्यसंस्था चालवत असाल तर जाहिरातीतच छापा: खिडकीवर ३००, ऑनलाइन ३२९.५०, वरचे पैसे तिकीट कंपनीचे. काकांनी हे शेवटपर्यंत छापू दिलं नाही.