टेकूवर निम्मा भार का येत नाही: प्रॉप्ड कॅन्टिलिव्हर आणि डिफ्लेक्शनची जुळवणी

प्रश्न: "४ मीटरचा कॅन्टिलिव्हर, मोकळ्या टोकाखाली टेकू, पूर्ण लांबीवर १२ किलोन्यूटन प्रति मीटर भार. मला वाटलं टेकूवर निम्मा भार येईल, म्हणजे २४. पुस्तकात १८ आहे. डिफ्लेक्शन जुळवून काढलंय म्हणतात, पण त्यात EI कुठे गेला तेच कळलं नाही. आणि टेकू ४ मिमी खचला तर?"

उत्तर:

आधी तुमचा २४ घेऊ, कारण तो नेमका कुठे अडतो हे दिसलं की बाकीचं आपोआप सुटतं.

जखडलेलं टोक A आणि टेकूचं टोक B म्हणू. B ला २४ किलोन्यूटन वर ढकलताहेत असं धरा आणि A भोवती मोमेंट घ्या. भाराचा मोमेंट १२ × ४ × २ = ९६, टेकूचा २४ × ४ = ९६. A वर मोमेंट शून्य! म्हणजे भिंतीत जखडलेलं टोक काहीच काम करत नाहीये, बीम दोन्ही टोकांना नुसता टेकलेला असावा तसा वागतोय. पण साध्या टेकलेल्या बीमची टोकं भाराखाली फिरतात, आणि भिंतीतलं टोक फिरू शकत नाही. इथे विरोध आहे.

तो किती मोठा आहे हेही काढता येतं. हिशोबासाठी बीम स्टीलचा घेऊ, E = २०० गिगापास्कल आणि I = ६००० सेमी⁴. मग EI = १२,००० किलोन्यूटन-मीटर². साध्या बीमच्या टोकाचा स्लोप wL³/24EI असतो. A जवळ बीम तेवढा खाली कललेला असतो. भिंतीला तो आडवा हवा, म्हणून अख्खा बीम A भोवती तेवढ्या कोनातून उलटा फिरवावा लागेल. तसं केलं की B चं टोक wL⁴/24EI इतकं वर जातं:

```
12 × 4^4 / (24 × 12000) = 0.01067 m = 10.67 mm
```

म्हणजे टेकूवर २४ हवे असतील तर टेकू १०.६७ मिमी उचलून ठेवायला हवा. तुमचा टेकू पातळीत आहे. तेव्हा त्याच्यावर २४ पेक्षा कमीच येणार, आणि राहिलेला भार भिंत घेणार. जखडलेलं टोक फिरायला तयार नसल्यामुळे भार स्वतःकडे ओढून घेतं.

किती कमी, ते समतोलाची समीकरणं सांगू शकत नाहीत. अज्ञात तीन आहेत (A ची उभी प्रतिक्रिया, A चा मोमेंट, B ची प्रतिक्रिया) आणि उपयोगी समीकरणं दोनच. तिसरी अट बीमच्या आकारातून येते: B चं टोक टेकूच्या पातळीतच राहायला हवं. सगळी पद्धत या एका वाक्यावर उभी आहे.

आता टेकू काढून टाका. उरतो साधा कॅन्टिलिव्हर, त्याचं टोक भाराखाली wL⁴/8EI खाली जातं. मग भार बाजूला ठेवा आणि टोकाला फक्त R वर लावा, ते RL³/3EI वर जातं. दोन्ही एकत्र लागल्यावर टोक जागेवर हवं, म्हणून:

```
wL^4 / 8EI = R L^3 / 3EI
R = 3wL / 8 = 3 × 12 × 4 / 8 = 18 kN
```

EI दोन्ही बाजूंना छेदात आहे, म्हणून कटतो. पण कटतो तो का, हे नीट लक्षात ठेवा. बीम दुप्पट कडक केला तर टोक निम्मंच खाली जातं, पण टेकूलाही ते वर ढकलणं दुप्पट जड जातं. दोघांचं गुणोत्तर तेच राहतं. हे दोन अटींवर खरं आहे: टेकू अजिबात दबत नाही, आणि बीमचा EI सगळीकडे सारखा आहे. भिंतीजवळ बीम जाड आणि टोकाकडे बारीक असेल तर wL⁴/8EI आणि L³/3EI ही दोन्ही सूत्रंच लागू पडत नाहीत, आणि 3/8 हा आकडाही राहत नाही.

R मिळाल्यावर बाकीचं समतोलाचं आहे. A वर ४८ − १८ = ३० किलोन्यूटन, A वर मोमेंट ९६ − १८ × ४ = २४ किलोन्यूटन-मीटर (हॉगिंग). शिअर शून्य होतो टेकूपासून १८/१२ = १.५ मीटरवर, तिथे सॅगिंग मोमेंट १३.५.

मी नेहमी एक उलट तपासणी करतो, तुम्हीही करा. या वेळी टेकू काढू नका, A चा मोमेंट सोडा. साध्या बीमचा स्लोप wL³/24EI, आणि A ला M लावल्यावर तिथला स्लोप ML/3EI. A फिरायला नको म्हणून दोन्ही समान, त्यावरून M = wL²/8 = २४. हा मोमेंट B वरून M/L = ६ किलोन्यूटन कमी करतो आणि A कडे देतो. २४ − ६ = १८. तुमच्या २४ पासून पुस्तकाच्या १८ पर्यंतचा रस्ता हाच आहे. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं म्हणजे सूत्र चुकीचं उचलल्याची शंका उरत नाही.

आता खचण्याकडे. तुमच्या प्रश्नातला हाच भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण परीक्षेत तो एका ओळीत संपतो आणि प्रत्यक्ष बीममध्ये तोच त्रास देतो. टेकू δ ने खचला तर टोक शून्यावर येणार नाही, δ वर येऊन थांबेल:

```
wL^4 / 8EI − R L^3 / 3EI = δ
R = 3wL/8 − 3EIδ / L^3
```

EI परत आला. आधी उजवी बाजू शून्य होती म्हणून तो कटत होता. आता δ ही मिमीमधली खरी लांबी आहे आणि बीम किती कडक आहे हे माहीत असल्याशिवाय तिचं बलात रूपांतर होत नाही.

आपल्या बीमसाठी टेकूशिवाय टोक ३२ मिमी खाली जातं, आणि टेकूच्या प्रत्येक किलोन्यूटनला १.७७८ मिमी वर येतं. (३२ भागिले १.७७८ म्हणजे पुन्हा १८.) टेकू ४ मिमी खचला तर त्याला फक्त २८ मिमी उचलायचंय, म्हणून R = २८ / १.७७८ = १५.७५ किलोन्यूटन. टेकूवरचा भार १२.५ टक्के कमी झाला, हे फारसं घाबरवणारं वाटत नाही. पण A चा मोमेंट बघा: ९६ − १५.७५ × ४ = ३३. आधी २४ होता. साडेसदतीस टक्के वाढ, ४ मीटरच्या बीममध्ये ४ मिमीसाठी! A चा मोमेंट म्हणजे ९६ आणि ७२ यांची वजाबाकी असल्यामुळे ७२ मधला लहान बदल तिथे मोठा होऊन उमटतो. आणि बीम जितका कडक, तितका हा बदल जास्त. I दुप्पट घेतला तर त्याच ४ मिमीसाठी R १३.५ वर येतो आणि A चा मोमेंट ४२ वर जातो. खचण्याच्या भीतीने जाड सेक्शन घेणाऱ्यांनी हे एकदा करून बघावं.

इथे दोन ठिकाणी मुलं हमखास अडखळतात. पहिलं, एकक. EI किलोन्यूटन-मीटर² मध्ये आणि δ मिमीमध्ये ठेवून सूत्रात घातलं की R उणे काही हजार येतो. तसं आलं तर चिन्हात चूक शोधू नका, δ = ०.००४ मीटर घाला. दुसरं, उणे R खरोखरच आला तर. आपल्या बीममध्ये δ ३२ मिमीपेक्षा जास्त असेल तर सूत्र R उणे देईल, म्हणजे टेकू टोकाला खाली ओढतोय असं म्हणेल. नुसता खाली ठेवलेला टेकू ओढू शकत नाही. ३२ मिमीनंतर बीम त्याला शिवतच नाही, R शून्य आणि A चा मोमेंट पूर्ण ९६. बोल्टने बांधलेला असेल तरच उणे उत्तराला अर्थ आहे.

खचणं आधीपासून माहीत नसेल, टेकू स्वतःच भाराखाली दबत असेल, तर δ चा अंदाज बांधून फेऱ्या मारत बसू नका. δ च्या जागी टेकूचं दबणं R च्याच भाषेत लिहा. टेकू १ किलोन्यूटनला f मिमी दबत असेल तर:

```
32 − 1.778 R = f R
R = 32 / (1.778 + f)
```

१० सेमी² क्षेत्रफळाचा, ३ मीटर उंच स्टीलचा खांब घ्या. त्याचं f = h/AE = ०.०१५ मिमी. R येतो १७.८५. अशा खांबाला पक्का टेकू मानायला हरकत नाही. पण तोच बीम दुसऱ्या ४ मीटरच्या, तेवढ्याच EI च्या, साध्या टेकलेल्या बीमच्या मध्यावर टेकवला तर f = l³/48EI = ०.१११ मिमी. R = १६.९४, आणि A चा मोमेंट २८.२, म्हणजे २४ पेक्षा जवळजवळ १८ टक्के जास्त. खांब की आडवा बीम, हे रेखाचित्रात एकाच त्रिकोणाने दाखवलेलं असतं, म्हणून टेकूखाली काय आहे ते विचारूनच 3/8 वापरा.

शेवटी भार पूर्ण लांबीवर नसेल तर काय, कारण पुढच्या गणितात तेच येईल. समजा तोच १२ किलोन्यूटन प्रति मीटर भार A पासून फक्त २ मीटरपर्यंत आहे. भार संपतो तिथे बीम wa⁴/8EI = 24/EI खाली गेलेला असतो. पुढचे २ मीटर सरळ राहतात, पण कललेले. त्यांचा कल wa³/6EI = 16/EI, म्हणून टोक आणखी 16 × 2 = 32/EI खाली जातं. एकूण 56/EI, आणि R = 56 × 3 / 64 = २.६२५ किलोन्यूटन. हा कलाचा भाग विसरला तर १.१२५ येतं, निम्म्याहूनही कमी.

ही चूक पकडायला R वरून मोमेंट मांडा, त्याला टेकूपासूनच्या अंतराने गुणा आणि A पर्यंत बेरीज घ्या. पक्क्या, पातळीतल्या टेकूला आणि सारख्या EI ला ती शून्यच यायला हवी. तुमच्या मूळ गणितात:

```
M = 18x − 6x^2
0 ते 4:  ∫ M x dx = 18 × 64/3 − 6 × 256/4 = 384 − 384 = 0
```

१८ च्या जागी २४ घालून हेच केलं तर बेरीज १२८ येते, आणि १२८ भागिले १२,००० म्हणजे ०.०१०६७ मीटर, वर निघालेले तेच १०.६७ मिमी.