कास्टिंगवाल्याचे ९७ मार्क

प्रश्न: आमचं छोटं इंजिनिअरिंग वर्कशॉप आहे. सप्लायरना डिलिव्हरी, क्वालिटी आणि दर यांचे मार्क देऊन एकत्र स्कोअरकार्ड करायचंय. कशाला किती वेटेज द्यावं?

उत्तर: क्वालिटीला ४०, डिलिव्हरीला ३०, दराला ३०. एवढं धरा आणि पुढे चला, त्यावर आठवडा घालवू नका. आमच्याकडे याच आकड्यांवरून दोघा भावांत वर्षभर वाद झाला आणि चूक भलतीकडेच निघाली.

आम्ही बेअरिंग हाउसिंग करतो. कास्टिंग बाहेरून येतं, मशिनिंग आमचं. खरेदी दादाकडे, शॉप माझ्याकडे. कास्टिंगचे सप्लायर दोन. पहिल्याचा दर १०० धरला तर दुसऱ्याचा १०८. दोघांकडूनही महिन्याला ५० नगांचा एकेक लॉट, म्हणजे वर्षाला ६०० नग. वर्षअखेरीस दादाने कार्ड मांडलं, त्यात पहिल्याला ९७ आणि दुसऱ्याला ९२. मी शॉपवर पहिल्याच्या नावाने ओरडत होतो आणि दादा कागद दाखवत होता. दराचं वेटेज कमी कर, असं मी म्हणायचो. आज कळतं की ती मागणीही चुकीची होती, कारण कार्डात भरलेले आकडेच खोटे होते.

क्वालिटीचं बघा. पहिल्याचे इनवर्ड तपासणीत वर्षभरात १२ नग रिजेक्ट झाले. ६०० मध्ये १२ म्हणजे २ टक्के, म्हणून ९८ मार्क. पण कास्टिंगचा दोष इनवर्डला दिसतच नाही. बाहेरून कातडी गुळगुळीत असते. फेसिंग होतं, रफ बोअर होतो आणि फिनिश बोअरला टूल आत गेलं की भोक उघडं पडतं. आत नख जाईल एवढं, भिंती चकचकीत. वायू अडकून झालेला ब्लो होल असाच दिसतो, आकसण्यातून झालेली पोकळी खडबडीत असते. असे ४२ नग गेले आणि ते सगळे आमच्या रजिस्टरला ‘मशिनिंग रिजेक्शन’ म्हणून चढले. त्यावरून माझ्या ऑपरेटरने बोलणी खाल्ली आणि सप्लायरचा कागद कोरा राहिला. याचा राग मला अजून आहे.

म्हणून पहिला नियम: दोष कुठे सापडला ते विचारू नका, कुठे जन्मला ते लिहा. ब्लो होल बोअरिंगवर सापडला तरी तो फाउंड्रीच्या खात्यात. त्यासाठी जॉबवरचा हीट नंबर रिजेक्शन स्लिपवर उतरवायला लावा. आम्ही उतरवायला लागलो तेव्हा दिसलं की बरेचसे खराब नग मोजक्या हीटमधले आहेत. मग सप्लायरलाही ‘तुमच्या मशिनमुळे’ म्हणायला जागा राहिली नाही.

१२ आणि ४२ मिळून ५४, म्हणजे ९ टक्के. आता साध्या टक्केवारीने मार्क दिले तर याला ९१ मिळतात. अकरातला एक नग भंगारात जातोय आणि मार्क मात्र पहिल्या वर्गाचे! म्हणून पट्टी ताणावी लागते. आम्ही प्रत्येक १ टक्का रिजेक्शनला १० मार्क कापतो. C5 मध्ये रिजेक्शनचा आकडा असेल (९ टक्के असेल तर नुसता ९), तर:

```
=MAX(0,100-10*C5)
```

पहिल्याला १० मार्क. दुसऱ्याचे इनवर्ड आणि मशिनिंग मिळून ९ नग गेले होते, म्हणजे दीड टक्का, त्याला ८५.

डिलिव्हरीत तर दादाचाच हात होता, हे मी त्याच्या तोंडावर सांगितलंय. सप्लायरचा फोन यायचा, ‘दोन दिवस द्या’, आणि दादा पीओवरची तारीख बदलायचा. माल नव्या तारखेला आला की कार्डात ‘वेळेवर’. शिवाय ५० पैकी ३० नग आले तरी लॉट आला, असं धरलं जायचं. आता तारखेचे दोन रकाने आहेत: सप्लायरने पहिल्यांदा कबूल केलेली तारीख, जी कुणीही खोडायची नाही, आणि शेवटचा नग आला ती तारीख. दुसरा रकाना स्टोअर भरतं, खरेदी नाही. यावर मी अडून बसलो आणि तुम्हीही बसा. ज्याने सप्लायर निवडला त्यानेच त्याचे मार्क भरू नयेत. जुनी चलनं काढून मोजलं तर पहिल्याचे १२ पैकी ६ लॉट वेळेवर होते आणि दुसऱ्याचे ९. कार्डात हेच अनुक्रमे ११ आणि १० होते.

वेटेज तेच ठेवून बेरीज केली. पहिला ४९, दुसरा ८४. दराचे मार्क दोघांचे जुनेच होते, १०० आणि ९३.

‘पण दर तर कमी आहे ना’ हे दादाचं शेवटचं म्हणणं होतं. तेही मोजलं. फिनिश बोअरपर्यंत एका नगावर आमचा खर्च १२० होतो. कास्टिंग तो बदलून देतो, मशिनिंग कोण देतं? ४२ नगांचे ५०४० वाया गेले. ते उरलेल्या ५४६ चांगल्या नगांवर वाटले तर नगामागे ९ रुपये आणि वर थोडे पैसे. म्हणजे त्याचा १०० चा नग आम्हाला १०९ ला पडला. दुसऱ्याचा १०८ चा नग फक्त ६० पैसे चढून १०८.६० ला. हा हिशेब स्कोअरमध्ये मिसळू नका, रिजेक्शनचे मार्क आधीच कापलेत, एकाच चुकीची दोनदा शिक्षा होईल. तो भांडण मिटवायला वेगळ्या कागदावर ठेवा.

तुम्ही ‘एकत्र’ म्हणालात म्हणून आणखी एक. वर्षाची सरासरी एकटी कधीच बघू नका. पहिल्याचं रिजेक्शन तिमाहीवार मांडलं तर १५० नगांत ६, मग ८, मग १५, मग २५ असं होतं. वर्षाचे ९ टक्के बघून कुणाला वाटेल की हा पहिल्यापासून असाच आहे. तो ४ टक्क्यांवरून जवळजवळ १७ वर गेला होता आणि तिसऱ्या तिमाहीतच त्याच्या फाउंड्रीत जाऊन वाळू, कोअर आणि ओतकामाचं तापमान विचारायला हवं होतं. आम्ही आता वर्षाच्या स्कोअरशेजारी गेल्या तीन महिन्यांचा स्कोअर लिहितो. तीन महिन्यांचा स्कोअर वर्षाच्या स्कोअरपेक्षा १० ने खाली गेला की फोन नाही, प्रत्यक्ष भेट.

आता राहिलेल्या गोष्टी. ड्रॉइंग आपण उशिरा दिलं किंवा पॅटर्न आपल्याकडे दुरुस्तीत होता, तर तो उशीर त्याच्या नावावर लिहू नका. वर्षाला पाच-सहाच लॉट येत असतील तर मार्कांच्या फंदात पडू नका, एका उशिराने वीस टक्के जातात. तिथे वहीत घटना लिहिणं पुरेसं आहे. १० मार्क कापायची पट्टी आमच्या कास्टिंगची आहे, अर्धा टक्का रिजेक्शनही परवडत नाही अशा पार्टला ती आणखी कडक हवी.

आणि नटबोल्ट, वॉशर, कटिंग ऑइल यांना दराचं वेटेज ६० ठेवलं तरी चालेल. तिथे दोष आला तर हातात घेताच कळतो आणि त्यावर आपलं मशिनिंग चढलेलं नसतं. दादा वर्षभर जे म्हणत होता ते या मालाला लागू पडतं आणि ते रजिस्टर आजही त्याच्या पद्धतीनेच चालतं.