आउटिंगच्या रात्रीची तक्रार सोमवारी कानावर आली तर

प्रश्न: पुण्यातल्या साठ जणांच्या कंपनीत मी एचआर बघते. कर्जतच्या रिसॉर्टवर आउटिंग होतं, रात्री ड्रिंक्स होते. सोमवारी एका मुलीनं मला सांगितलं, की टीम लीडनं नाचताना आणि नंतर खोलीकडे जाताना कॉरिडॉरमध्ये तिला नको तसा स्पर्श केला. लेखी तक्रार द्यायची का, हे तिचं ठरत नाहीये. आमचे सर म्हणतात, "दोघंही प्यायले होते, शनिवारची रात्र होती, ऑफिस नव्हतं. त्याला बोलावून समज दे आणि संपव." काय करू?

उत्तर:

त्याला अजून बोलावलं नसेल, तर बोलावू नका. मी काही कंपन्यांच्या, लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून काम करते. अशा प्रकरणांत जे बिघडतं, ते बहुतेक वेळा या पहिल्या आठवड्यातच. तुम्ही केबिनमध्ये बोलावून समज दिलीत, की त्याला नाव कळतं, संध्याकाळपर्यंत मित्रांशी बोलणं होतं, आणि पुढे समितीसमोर येणारे साक्षीदार एकच गोष्ट एकाच शब्दांत सांगू लागतात. शिवाय त्याच्या दृष्टीनंही हा अन्याय आहे: काय आरोप आहे ते लेखी न देता, त्याचं न ऐकता तुम्ही त्याला दोषी धरलेलं असतं.

सरांच्या "ऑफिस नव्हतं" याचं उत्तर सरळ आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात कामाच्या निमित्तानं कर्मचारी जिथे जातो ती जागा कामाचं ठिकाणच मानली आहे आणि कंपनीनं दिलेली बससुद्धा त्यात येते. आउटिंग कंपनीनं ठरवलं, खर्च कंपनीचा, आमंत्रण ऑफिसच्या ईमेलवर. शनिवार असल्यानं काही बदलत नाही. राहिली दारू. स्वतःहून प्यायलेल्या माणसाला शुद्धीतल्या माणसाइतकीच जाणीव होती, असं फौजदारी कायदासुद्धा धरतो. ती प्यायली होती म्हणून तिची तक्रार हलकी होत नाही, आणि तो प्यायला होता म्हणून त्याचं वागणं माफ होत नाही.

आता तिच्याबद्दल. चौकशी सुरू व्हायला लेखी तक्रार लागते. ती घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते. कारण पटलं तर समिती ही मुदत आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकते. म्हणजे तिला विचार करायला वेळ आहे. तो तिला द्या, पण मुदतीची तारीख तिला स्पष्ट सांगा, कारण "बघू, बघू" करता करता मुदत निघून गेल्याचं मी पाहिलं आहे. लिहिणं जमत नसेल तर मदत करणं हे समितीचं कायद्यानं काम आहे. चौकशी नको, तडजोड हवी असं तिनं स्वतः म्हटलं तर तीही वाट आहे. फक्त पैसे देऊन तडजोड करता येत नाही आणि ती सुचवायची तुम्ही नाही. पोलिसांत जायचं असेल तर मदत करणं हे मालकाचं कर्तव्य आहे, हेही तिला सांगा.

तिचं ठरत नाही तोवर तुम्ही हातावर हात ठेवून बसायचं नाही. आज तिनं जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहा आणि तिला वाचून दाखवा. रिसॉर्टला आजच पत्र पाठवा: अमुक रात्रीचं अमुक वेळेचं, डान्स फ्लोअर आणि खोल्यांच्या कॉरिडॉरचं फुटेज जपून ठेवा. पत्रात कुणाचं नाव नको, कारणही नको. रिसॉर्टचं रेकॉर्डिंग कायमचं राहत नाही, डिस्क भरली की जुन्यावर नवं चढतं. पुढच्या महिन्यात मागाल तर हाती काही येणार नाही. खोल्यांची यादी, बसची यादी, कोण कोणत्या खोलीत होतं, हेही गोळा करून ठेवा.

फुटेजवर मी एवढा भर देते, कारण दारूमुळे खरी अडचण पुराव्याची होते. एका प्रकरणात मुलीला त्या रात्रीचे तुकडेच आठवत होते: गाण्याच्या वेळी कमरेवरचा हात, मग एकदम कॉरिडॉरमधला दिवा, मग बाथरूमची आतून लावलेली कडी. मधलं काही नाही. तिच्या टीममधल्या मुलांनीही प्यायलेली, प्रत्येकाचा क्रम वेगळा. समितीतल्या एकांनी तिला विचारलं, "तुम्ही किती पेग घेतले होते?" प्रश्न मी थांबवला आणि तिला व ज्याच्यावर आरोप होता त्याला, दोघांनाही एकाच शब्दांत विचारायला लावला: त्या वेळी किती घेतली होती, आणि त्यानंतरचं काय काय आठवतं? प्यायल्याचा संबंध आठवणीपुरता. तिच्या स्वभावाशी, कपड्यांशी, आधीच्या पार्ट्यांशी काही नाही.

प्रकरण उलगडलं ते न प्यायलेल्यांमुळे आणि फोनमुळे. तिनं बाथरूममधूनच रूममेटला मेसेज टाकला होता, "वर ये, मी बाहेर येत नाहीये." त्याची वेळ फोनवर होती. वर आलेल्या रूममेटनं त्याला दारासमोर उभा पाहिला होता. बसच्या ड्रायव्हरनं दोघांना जिन्याकडे जाताना पाहिलं होतं, ती पुढे आणि तो तिचा दंड धरून. ड्रायव्हरला कुणी विचारणारच नव्हतं, कारण तो कंपनीचा कर्मचारी नव्हता. आणि तो? "मला काहीच आठवत नाही." हे उत्तर मी खूप वेळा ऐकते. याचा अर्थ घडलं नाही असा होत नाही. आठवतच नसेल तर तिच्या सांगण्याला विरोध करायला त्याच्याकडे काही उरत नाही. समितीला गुन्हा निःसंशय सिद्ध करायचा नसतो. समोरच्या पुराव्यावरून काय घडलं असण्याची शक्यता जास्त, एवढंच ठरवायचं असतं. तिच्या तुकड्यांची साखळी मेसेज, रूममेट आणि ड्रायव्हर यांनी जुळली. पुरावा तोकडा पडला असता तरी तिच्यावर कारवाई झाली नसती. आरोप सिद्ध झाला नाही म्हणजे तक्रार खोटी, असं कायदा मानत नाही.

तक्रार आली की मात्र घाईही नको. तक्रारीची प्रत त्याला सात कामाच्या दिवसांत जायला हवी, उत्तराला त्याला दहा कामाचे दिवस मिळतात, आणि चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाच्या प्रकरणात २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कारवाई रद्द केली, कारण समितीनं घाईघाईत सुनावण्या उरकल्या आणि त्याला बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही. तक्रार करणाऱ्या मुलींना वर्षानुवर्षांनंतर पुन्हा पहिल्या पायरीवर आणणारी घाई कुणाच्याच कामाची नाही.

दरम्यान तिचं अप्रेझल त्याच्या हातून काढून घ्या. ही सोय समिती मालकाला सुचवू शकते. बदली किंवा रजाही मिळते, पण यातलं काहीही समिती सुचवते ते तिनं लेखी मागितलं तर. "तुझ्याच भल्यासाठी" म्हणून मुलीलाच दुसऱ्या टीममध्ये पाठवणं मी सगळ्यात जास्त पाहते. त्यानं ऑफिसला एकच गोष्ट कळते, की बोललेली मुलगी हलवली जाते.

आणि सरांना एक सांगून ठेवा. "झाल्या प्रकारामुळे यापुढे आउटिंगला दारू बंद" असा मेल या आठवड्यात जाऊ देऊ नका. कोणता प्रकार, हे तासाभरात सगळ्यांना कळेल, गोपनीयता जाईल, आणि पार्टी बंद पाडली म्हणून राग तिच्यावर निघेल. नियम बदलायचे असतील तर अहवाल येऊन त्यावरची कारवाई पूर्ण झाल्यावर बदला. अहवाल मिळाल्यापासून कारवाईला साठ दिवस असतात.