‘सोमवारपासून एक थेंबही नाही’ हे वाक्य पत्रातून काढा

ताई, आम्ही फोंड्याजवळ राहतो. आमचे हे कंपनीत सुपरवायझर आहेत, वय 46. पूर्वी शनिवार-रविवारी घ्यायचे, आता रोज ड्युटी सुटली की तिठ्यावरच्या बारवर थांबूनच घरी येतात. मारझोड नाही, शिवीगाळ नाही. जेवतात आणि झोपतात. पण काही महिन्यांपासून सकाळी हात कापतात, चहाचा कप धरवत नाही. थोडी घेतली की कापणं थांबतं. तोंडी विषय काढला की उठून जातात, म्हणून पत्र लिहायला घेतलं. सुरुवात अशी केली: ‘तुम्हाला आमच्यापेक्षा बाटली जवळची झाली आहे. सोमवारपासून एक थेंबही घेणार नाही अशी देवासमोर शपथ घ्या, नाहीतर मी मुलांना घेऊन माहेरी जाते.’ पुढे सुचत नाही. शांतपणे कसं लिहू?

प्रिय भगिनी,

पत्राची भाषा आपण नंतर बघू. आधी ती शपथ काढून टाका. तिच्यामुळे त्यांच्या जिवाला धोका होऊ शकतो.

सकाळचं कापणं आणि घोटभर घेतल्यावर ते थांबणं, याचा अर्थ त्यांच्या शरीराला आता दारूची सवय लागली आहे. अशा माणसाने एका दिवसात बंद केली की शेवटच्या पेल्यानंतर सहा ते चोवीस तासांत कापरं, घाम, उलट्या आणि निद्रानाश सुरू होतो. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, आपण कुठे आहोत तेही कळत नाही. वेळेवर उपचार झाले नाहीत तर यात माणूस जातो. देवळात शपथ घेऊन तिसऱ्या दिवशी ‘अंगात आलं’ किंवा ‘वेड लागलं’ असं ज्यांच्याबद्दल सांगतात, त्यांच्यातल्या अनेकांना खरं तर हेच झालेलं असतं. त्यांना शब्द पाळायचा नसतो असं नाही. त्रास सहन होत नाही म्हणून ते पुन्हा बारवर जातात, आणि घरात मात्र ‘देवाची शपथही मोडली’ हा डाग कायमचा राहतो.

म्हणून पत्रात मागणं एकच ठेवा: माझ्याबरोबर एकदा डॉक्टरकडे चला. दारू सोडण्याचं वचन आत्ता मागू नका.

आता तुमचं पहिलं वाक्य. त्यात तुमचं दुःख आहे हे मला कळतं, पण वाचणाऱ्याला त्यात आरोपच दिसणार, आणि आरोपाला माणूस उत्तर शोधतो. ‘मग पगार कोणाच्या हातात देतो?’ असं ते म्हणतील, आणि ते खरंही असेल. तसंच किती पितात याचा हिशोब मांडू नका. आपल्याकडे तर ‘फेणी नाही, नुसता हुर्राक घेतला’ ही पळवाट तयारच असते. वाद पेगांवर जातो आणि काळजी बाजूला राहते. त्यापेक्षा तुम्ही डोळ्यांनी पाहिलेल्या दोन-तीन गोष्टी लिहा आणि तेव्हा तुम्हाला काय वाटलं ते लिहा. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘दारुडा’, ‘लोक काय म्हणतील’ आणि दुसऱ्या कोणाच्या नवऱ्याचं उदाहरण, यातलं काहीही नको.

मी असं लिहिलं असतं. प्रसंग माझ्या मनाचे आहेत, तिथे तुमचे घाला:

*अहो,*

*समोर बोलायला गेले की माझा आवाज चढतो आणि तुम्ही उठता. म्हणून लिहिते. सवडीने वाचा, लगेच उत्तर नको.*

*गेल्या मंगळवारी सकाळी चहा तुमच्या शर्टावर सांडला. तुम्ही ‘कप गरम होता’ म्हणालात. मी कप धरून पाहिला होता, तो गरम नव्हता. तुमचे हात कापत होते. तेव्हापासून मला भीती वाटते आहे.*

*चवथीला माटोळी बांधताना तुम्ही शिडीवर चढलात आणि आईंनी खालून शिडी घट्ट धरली. त्या काही बोलल्या नाहीत, पण तुम्ही खाली उतरेपर्यंत त्यांनी हात सोडला नाही. रात्री तुमच्या स्कूटरचा आवाज येईपर्यंत धाकटी झोपत नाही.*

*तुम्ही घरासाठी किती करता ते मला माहीत आहे. थोरल्याच्या ॲडमिशनच्या वेळी तुम्ही एकट्याने केलेली धावपळ मी विसरलेले नाही. तुम्ही वाईट आहात असं मला वाटत नाही. तुमची तब्येत बिघडते आहे असं वाटतं.*

*शपथ नको, वचन नको. एकदम बंदही करू नका, त्याने त्रास होतो असं मला कळलं आहे. माझं एकच मागणं आहे. या आठवड्यात एक दिवस माझ्याबरोबर डॉक्टरकडे चला. हातांच्या कापण्याबद्दल विचारू. मी बाहेर थांबायचं की आत यायचं ते तुम्ही ठरवा.*

*तुमची*

पत्र एवढंच असू द्या. दुसरं पान झालं की त्यात जुने हिशोब शिरतात.

कधी द्यायचं हेही महत्त्वाचं आहे. रात्री ते घेऊन आल्यावर नको, आणि पहाटे कापरं असताना, जीव कासावीस असतानाही नको. सुट्टीच्या दिवशी नाश्ता झाल्यावर ते जरा स्थिर असतात, तेव्हा मुलं घरात नसताना हातात द्या आणि दुसऱ्या खोलीत जा. वाचताना समोर उभं राहिलात तर ते पुन्हा उठून जातील. पहिल्या दिवशी ‘काही झालेलं नाही मला’ हेच उत्तर येण्याची शक्यता जास्त. त्यावर वाद न घालता ‘बरं, पण मी चार दिवसांनी परत विचारीन’ एवढंच म्हणा आणि खरोखर विचारा. माहेरी जाण्याची गोष्ट, जायचं पक्कं ठरेपर्यंत, लिहू नका. न पाळलेली धमकी पुढच्या वेळी ऐकली जात नाही.

‘हो’ म्हणाले तर बांबोळीला आयपीएचबी या सरकारी मानसोपचार रुग्णालयाच्या ओपीडीत जा, किंवा आधी जवळच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवून चिठ्ठी घ्या. डॉक्टरांना तीन गोष्टी स्पष्ट सांगा: सकाळी कापरं येतं, सकाळी घ्यावी लागते, आणि पूर्वी कधी बंद केल्यावर फिट किंवा भ्रम झाला होता का. यावरून घरी औषधं द्यायची की काही दिवस दाखल करायचं ते ठरतं. कापरं आणि फिट टाळणारी औषधं काही दिवस देऊन हळूहळू कमी करतात, बरोबर बी-1 जीवनसत्त्व देतात. समुपदेशनाचा उपयोग मोठा आहे. गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेल्या अभ्यासात थोड्याशा बैठकींनीही जास्त पिणाऱ्या पुरुषांना फायदा झाला, आणि तो 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. पण तुमच्या यजमानांचं शरीर त्याच्या पुढच्या पायरीवर दिसतं, म्हणून नुसत्या बोलण्यावर थांबू नका.

डॉक्टर भेटेपर्यंत बाटल्या ओतून देऊ नका, आणि कोणी ‘न सांगता जेवणात घाला’ म्हणून पावडर दिली तर मुळीच घालू नका. त्यात डायसल्फिराम असेल तर वरून दारू प्यायल्यावर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. फिट आली, ते असंबद्ध बोलू लागले किंवा नसलेलं काही दिसू लागलं, तर वाट न बघता 108 ला फोन करा.

आणि तुम्ही स्वतः, ते येवोत न येवोत, 14446 या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करा. तो घरच्यांसाठीही आहे. तुमची झोप उडाली असेल, रडू आवरत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे. पुढे कधी त्यांनी हात उगारलाच, तर पत्र-बित्र बाजूला ठेवून मुलांसह आधी सुरक्षित जागी जा आणि 181 या महिला हेल्पलाइनला फोन लावा.

पत्र लिहून झालं की देण्याआधी एक रात्र उशीखाली ठेवा आणि सकाळी त्यांच्या जागी बसून वाचा. जे वाक्य तुम्हालाच बोचेल ते खोडून टाका. हवं तर मला पाठवा, मी बघून देते.

तुमची,
ताई