उशीर होणे आणि उशीर करणे

"आई, मी मीराला 'वेळेवर ये' लिहिलं तर तू म्हणालीस, असं तोडून बोलू नये. म्हणजे आपल्या लोकांत उशीर चालतो, पण उशिराबद्दल बोललेलं चालत नाही, असंच ना?"

प्रिय सई,

तुझे बोलणे मला लागले, कारण त्यात थोडे तथ्य आहे. म्हणून सावकाश लिहिते आहे.

डोंबिवलीला आजी आणि कुमुदमावशी सकाळी 7:42ची लोकल एकत्र पकडत. मी शाळेसाठी वेणी घालून घेत असे, तेव्हा आजी डबा हातात घेऊन फाटकाशी उभी असे आणि मावशीचा पत्ता नसे. गाडी चुकली की पुढच्या गाडीत ठाण्यापर्यंत दाराशी लोंबकळत जावे लागे. शिवाय आजीच्या कार्यालयात तीन लेट मार्कांना एक रजा कापत. आजी मावशीला कधी काही बोलली नाही. घरी मात्र पोळपाट जोराने वाजे. मी ते ऐकत मोठी झाले आणि गप्प राहणे म्हणजेच चांगले वागणे, असे समजत राहिले.

मग एका संध्याकाळी आजीने मावशीला चहाला बोलावले आणि अगदी साध्या आवाजात सांगितले, "कुमुद, या महिन्यात माझी एक रजा गेली. उद्यापासून मी सात पंचविसला निघणार. तू आलीस तर बरोबर जाऊ, नाही आलीस तर संध्याकाळच्या गाडीला भेटू." मावशी काही दिवस आली, काही दिवस नाही; पण पोळपाट वाजणे थांबले.

तुझा मेसेज मी पुन्हा वाचला: "तू नेहमी उशिराच येतेस. मी दर वेळी मूर्खासारखी उभी राहते. उद्या तरी वेळेवर ये!!" यात तुझा राग खरा आहे, पण मागणी कुठे आहे ते मीराला शोधावे लागेल. "नेहमी" म्हटले की तिला तू उशिरा आलीस तो एक दिवस आठवेल आणि भांडण त्या दिवसावर जाईल. "उशिराच" मधला "च" आणि "उद्या तरी" मधला "तरी" हे दोन्ही टोचतात; ते काढले तर अर्थ तसूभरही कमी होत नाही. "वेळेवर" या शब्दात वेळच नाही: तिच्या लेखी दहा म्हणजे घरून निघण्याची वेळ असेल, तुझ्या लेखी थांब्यावर पोहोचण्याची.

आपल्या भाषेत "उशीर झाला" असेही म्हणता येते आणि "तू उशीर केलास" असेही. पहिल्यात कोणाचाच दोष दिसत नाही. आजीच्या पिढीने त्याचा आडोसा फार घेतला, असे मला आता वाटते. तरीही तुला झालेला उशीर सांगताना तेच रूप प्रामाणिक आहे, कारण मीराने तो मुद्दाम केला की नाही हे तुला ठाऊक नाही. शनिवारी धाकट्या भावाला पोहायला सोडूनच तिला निघावे लागते, हे तूच मला सांगितले होतेस.

मी लिहिले असते ते असे:

"मीरा, गेले तीन शनिवार आपली 10:10ची बस चुकली आणि मला सरावाला 20 मिनिटे उशीर झाला. दोनदा माझा ढोल दुसऱ्या कोणाला दिला गेला होता. या शनिवारी मला सुरुवातीपासून वाजवायचे आहे. तू 10:05ला थांब्यावर पोहोचू शकशील का? भावाला सोडून ते जमत नसेल तर तसे सांग. मी 10:10च्या बसने पुढे जाते आणि तुझा ढोल धरून ठेवते."

यातले 'तीन', '20' आणि 'दोनदा' हे घडलेले आहे, म्हणून त्यावर वाद होणार नाही. तिच्या स्वभावाबद्दल एकही शब्द नाही. आणि तिला "नाही" म्हणायला खरी जागा आहे. ती जागा नसेल तर प्रश्नचिन्ह लावूनही तो हुकूमच राहतो.

हे गुरुवारी संध्याकाळी पाठव, फक्त तिला. पथकाच्या ग्रुपवर नको, आणि शनिवारी थांब्यावर उभी असताना तर नकोच, कारण तेव्हा "तरी" परत येईल. एकदाच पाठव. शुक्रवारी आठवण, शनिवारी सकाळी पुन्हा आठवण, अशी सुरुवात झाली की त्याची भुणभुण होते. त्यानंतर 10:10ला बस आली आणि मीरा आली नसेल तर तुला चढावे लागेल, आणि हे मेसेज लिहिण्यापेक्षा अवघड आहे. तू पुन्हा थांबलीस तर "पुढे जाते" या वाक्याला अर्थ उरणार नाही; पण चढलीस तर तिचा ढोल खरोखर धरून ठेव.

शब्द तुझे असू देत, माझे हवेतच असे नाही. "प्लीज" ठेवायचे असेल तर ठेव. मी मैत्रिणीला ते म्हणत नाही, पण तुम्ही दोघी म्हणता. पाठवण्याआधी मला दाखवायलाच हवे असेही नाही.

तुझी,
आई