एचआरएसाठी भाड्याचा बँकेचा पुरावा: स्क्रीनशॉट चालतो का, आणि घरमालकाची कोणती माहिती लागते?

प्रश्न: पुण्यात भाड्याने राहतो. भाडं दरमहा यूपीआयने देतो. ऑफिसने 2025-26 च्या एचआरएसाठी बँक ट्रान्सफरचा पुरावा आणि मालकांचे तपशील मागितले आहेत. स्क्रीनशॉट चालतील का? करार मालकांच्या नावावर आहे, पण पैसे त्यांच्या पत्नीच्या खात्यात जातात. अडचण येईल का?

उत्तर:

आधी एक गोष्ट तपासा. तुम्ही जुनी करप्रणाली निवडली असेल तरच एचआरएची सूट मिळते. नव्या प्रणालीत ती नाही, त्यामुळे तिथे हा सगळा खटाटोप व्यर्थ आहे.

स्क्रीनशॉटवर विसंबू नका. त्यावर बहुतेक वेळा समोरच्याचं नाव, रक्कम आणि तारीख एवढंच दिसतं. पैसे तुमच्या कोणत्या खात्यातून गेले हे नीट कळत नाही, आणि काही ॲपमध्ये नावही तुम्ही फोनमध्ये सेव्ह केलेलं असतं. "काका फ्लॅट" असं नाव असलेला स्क्रीनशॉट पेरोलवाल्यांनी परत पाठवला तर त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही. नेट बँकिंगमधून एप्रिलपासूनचं पूर्ण स्टेटमेंट पीडीएफमध्ये काढा आणि भाड्याच्या ओळींवर खूण करा. वर तुमचं नाव आणि खाते क्रमांक असलेलं पहिलं पान सोडू नका. पीडीएफला पासवर्ड असेल तर ती उघडून "प्रिंट टू पीडीएफ"ने नव्याने सेव्ह करा. फाइल उघडत नाही एवढ्याच कारणावरून कितीतरी दावे परत येतात.

स्टेटमेंटमधली यूपीआयची ओळ साधारण अशी असते: तारीख, 12 अंकी संदर्भ क्रमांक, अर्धवट कापलेलं नाव, आणि तुम्ही लिहिलेला शेरा. हा शेरा फार कामाचा आहे. पैसे पाठवताना तिथे `Rent Jun25 Flat 304` असं लिहा. भाडं कधी 28 तारखेला जातं, कधी पुढच्या महिन्याच्या 6 तारखेला. शेरा नसेल तर जूनमध्ये दोन नोंदी आणि जुलैमध्ये शून्य असं दिसतं आणि एक महिना गळाला असं समजलं जातं. आधीच्या नोंदींना शेरा नसेल तर बिघडत नाही. त्या महिन्यांच्या पावत्यांवर कोणत्या महिन्याचं भाडं, कोणत्या तारखेला आणि कोणत्या संदर्भ क्रमांकाने मिळालं हे मालकांकडून लिहून घ्या.

दुसरी चूक रकमेत होते. समजा भाडं 22,000 आहे आणि सोसायटीचा मेंटेनन्स 2,500. दोन्ही मिळून 24,500 एकत्र पाठवले, तर स्टेटमेंट एक आकडा सांगतं आणि करार दुसरा. एचआरएसाठी फक्त भाडं धरलं जातं, म्हणून मेंटेनन्स वेगळा पाठवा. डिपॉझिटचंही तसंच, ते भाडं नव्हे. शेवटच्या महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं केलं तर बँकेत नोंदच उमटत नाही. तेव्हा मालकांकडून तसं पत्र सहीनिशी घ्या.

आता मालकांचे तपशील. नोकरदाराने भरायच्या फॉर्म 12बीबीमध्ये भाड्याची रक्कम, मालकाचं नाव आणि पत्ता लागतो, आणि वर्षाचं भाडं 1,00,000 च्या वर गेलं तर पॅनही. वरच्या उदाहरणात 12 × 22,000 म्हणजे 2,64,000 होतात, तेव्हा पॅन लागणारच. पत्त्याच्या रकान्यात बरेच जण भाड्याच्या फ्लॅटचाच पत्ता टाकतात. तिथे मालक स्वतः राहतात तो पत्ता हवा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि नोंदवलेल्या करारात मालकांचा पत्ता असतो, बहुधा पॅनही. तिथूनच शब्दशः उतरवून घ्या.

पॅन टाइप करताना शून्य आणि ओ यांची अदलाबदल फार होते. रचना लक्षात ठेवा: पहिली पाच अक्षरं, मग चार अंक, शेवटी एक अक्षर. व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथं अक्षर पी असतं आणि पाचवं बहुतेक करून आडनावाचं आद्याक्षर. मालक कुलकर्णी आणि पाचवं अक्षर एस दिसलं तर कार्डाची प्रत मागून एकदा पडताळा. मालकांकडे पॅनच नसेल तर नाव-पत्त्यासह तसं घोषणापत्र लागतं.

तुमची खरी अडचण पत्नीच्या खात्याची आहे. करारावर आणि पॅनवर एक नाव, स्टेटमेंटमध्ये दुसरं. स्वतःहून पत्नीचा पॅन टाकून जुळवाजुळव करू नका. त्या सहमालक नसतील तर फॉर्ममध्ये करारावरच्या मालकांचाच पॅन यायला हवा. सगळ्यात स्वच्छ उपाय म्हणजे पुढच्या महिन्यापासून पैसे मालकांच्याच खात्यात पाठवणं. गेलेल्या महिन्यांसाठी मालकांकडून एक पानी पत्र घ्या: फ्लॅटचा पत्ता, कोणत्या महिन्यांचं भाडं, पत्नीच्या खात्याचे शेवटचे चार अंक, आणि "हे भाडं माझ्या सांगण्यावरून या खात्यात जमा झालं असून ते मला मिळालं आहे" असं वाक्य. खाली सही आणि पॅन. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर दोघांचे पॅन आणि कोणाला किती भाडं हे द्या.

हे एवढं काटेकोर का, तर तुम्ही दाखवलेलं भाडं आणि मालकाला मिळालेलं भाडं आयकर खातं ताडून पाहू शकतं. 2020-21 च्या काही मोठ्या रकमांच्या प्रकरणांत अशी तफावत तपासल्याचं सीबीडीटीने एप्रिल 2024 मध्ये स्वतःच सांगितलं होतं. म्हणून पॅन देताय हे मालकांना आधीच सांगा. नंतर कळलं की संबंध बिघडतात.

एक महिना गळाला तर किती नुकसान होतं ते बघा. मूळ पगार दरमहा 50,000, एचआरए 20,000, भाडं 22,000 धरू. भाड्यातून मूळ पगाराचे 10 टक्के, म्हणजे 5,000, वजा केले की 17,000 उरतात. पुण्यासाठी 2025-26 या वर्षाला मूळ पगाराच्या 40 टक्क्यांची मर्यादा आहे, ती 20,000 होते. मिळालेला एचआरएही 20,000. तिन्हींत सर्वात कमी ती सूट, म्हणजे महिन्याला 17,000. एका महिन्याचा पुरावा नाकारला गेला आणि तुम्ही 30 टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर सेससह 5,304 रुपये जादा कर कापला जातो.

बहुतेक ऑफिसं पुरावे डिसेंबर-जानेवारीत मागतात, म्हणजे शेवटच्या महिन्यांचं भाडं तेव्हा गेलेलंच नसतं. ते कराराच्या आधारे धरलं जातं. यासाठी करार मार्चअखेरपर्यंत चालू दिसायला हवा. 11 महिन्यांचा करार जानेवारीतच संपत असेल तर नव्या कराराची प्रत सोबत जोडा.

ऑफिसने तरीही एखादा महिना नाकारला, तर जुन्या प्रणालीत मुदतीत रिटर्न भरताना तो दावा तुम्हाला स्वतः करता येतो आणि जादा कापलेला कर परत मिळतो. तेव्हा पुरावा रिटर्नसोबत जोडायचा नसतो, पण नोटीस आली तर तोच दाखवावा लागतो. म्हणून स्टेटमेंट, पावत्या, करार आणि मालकांचं पत्र एकाच फोल्डरमध्ये ठेवा. नोकरी बदलली की ऑफिसच्या पोर्टलवर अपलोड केलेलं तुम्हाला दिसत नाही, तेव्हा स्वतःची प्रत वेगळी असू द्या.