ऑडिटनंतर दुरुस्त केलेल्या फॉर्म्युल्यांची नोट

प्रश्न: ऑडिटमध्ये बजेट शीट आणि टॅलीचा आकडा जुळला नाही, म्हणून शेअर केलेल्या गूगल शीटमधले फॉर्म्युले मी दुरुस्त केले. आता माझी बदली दुसऱ्या टेबलावर होतेय. पुढच्या सहकाऱ्यासाठी नोटमध्ये काय लिहू?

उत्तर: सोलापुरात टॉवेलच्या कारखान्याचे हिशेब बघतो. आमच्याकडचंच उदाहरण देतो.

टॅलीत खर्च ६,४२,७५० आणि शीटवर ६,११,५००. फरक ३१,२५०. नोटमध्ये आधी हा फरक फोडून लिहा, कारण नव्या माणसाला ऑडिटर हेच विचारणार. आमचा असा फुटला: सुताच्या वाहतुकीचे १८,४०० कोणीतरी ‘18,400/-’ असे टाकले होते. मागच्या ‘/-’ मुळे शीटला तो मजकूर वाटतो आणि SUM तो गुपचूप वगळतं, एररही येत नाही. आकडा उजवीकडे न जाता डावीकडे चिकटलेला दिसला की ओळखायचं. उरलेले १२,८५० डाईंगच्या बिलाचे. ती ओळ बेरजेच्या अगदी वर, ४२ व्या ओळीत घातलेली आणि बेरीज ४१ लाच थांबलेली.

दुरुस्ती करताना बेरजेच्या वर एक रिकामी ओळ ठेवली आणि तीही बेरजेत घेतली. नवी नोंद तिच्या वर घालायची, म्हणजे रेंज आपोआप वाढते. नोटमध्ये जुना आणि नवा फॉर्म्युला दोन्ही हवेत:

```
जुना (D43): =SUM(D5:D41)
नवा (D44):  =SUM(D5:D43)
तपासणी:     =SUMPRODUCT(--ISTEXT(D5:D43))
```

तपासणीचं उत्तर शून्य यायला हवं. एक किंवा जास्त आलं तर कुठेतरी पुन्हा ‘/-’ सारखा मजकूर घुसलाय. नोट शीटच्याच वेगळ्या टॅबवर ठेवत असाल तर फॉर्म्युल्याआधी ' हे चिन्ह टाका, नाहीतर तो तिथेच चालू होईल.

नुसत्या सेलच्या पत्त्यावर विसंबू नका. पुढे ओळी वाढल्या की D44 चा D50 होतो, पण नोटमधला मजकूर तसाच राहतो. म्हणून ‘एकूण खर्च, कॉलम D’ असं नावानंही लिहा. हाच घोळ एका शीटमधला आकडा दुसऱ्या शीटमध्ये ओढणाऱ्या IMPORTRANGE मध्ये होतो, आणि तो जास्त महागात पडतो. त्यातला पत्ता अवतरणचिन्हात असल्यामुळे सरकत नाही. मालकांच्या गोषवाऱ्याची शीट जुन्या D43 वरून आकडा ओढत असेल तर तिथे आता रिकामी ओळ आहे. अशा किती शीट जोडलेल्या आहेत ते नोटमध्ये लिहाच. शोधायला नवख्याला वाट सापडत नाही.

आवृत्ती इतिहासात दुरुस्तीच्या आधीच्या आणि नंतरच्या आवृत्तीला नाव द्या, आणि तीच नावं नोटमध्ये टाका. ऑडिटरने सही केलेली प्रत मात्र पीडीएफमध्ये वेगळी ठेवा, तिला कोणी हात लावू नये.

नोट देताना सहकाऱ्याला शेजारी बसवून रिकाम्या ओळीच्या वर शंभर रुपयांची खोटी नोंद घालायला लावा. एकूण आकडा शंभरनं वाढला का ते बघा. गोषवारा IMPORTRANGE नं D44 वरून आकडा ओढत असेल तर तिथे आता रिकामं दिसेल, तेही दाखवा, मग ती पूर्ण ओळ काढून टाका.